चकचकीत फरशीवर चौकोनी दिव्याचं प्रतिबिंब: एलटीसी काय करतं आणि ते तपासायचं कसं

प्रश्न: फ्लॅटच्या वॉकथ्रूसाठी वेबजीएलमध्ये स्वतःचा शेडर लिहितोय. छतात चौकोनी एलईडी पॅनेल आहेत, खाली पॉलिश टाइल्स. पॅनेलच्या जागी पॉइंट लाइट ठेवले तर फरशीवर गोल ठिपके उमटतात. म्हणून एलटीसी, म्हणजे लिनिअरली ट्रान्सफॉर्म्ड कोसाइन्स, या चौकोनी दिव्यांसाठीच्या पद्धतीचा कोड उतरवून घेतला. पण प्रतिबिंब कधी फारच धारदार दिसतं, कधी मधेच काळा डाग येतो. आलेलं चित्र बरोबर आहे की नाही हे कसं ओळखायचं तेच कळत नाही. कोणी नीट समजावेल का?

उत्तर:

पॉइंट लाइटला आकारच नसतो. त्यामुळे फरशीवर जो ठिपका दिसतो तो दिव्याचा नसून फरशीच्या खडबडीतपणाचा, म्हणजे पृष्ठभाग कोणत्या दिशेला किती उजेड परत पाठवतो ते सांगणाऱ्या बीआरडीएफच्या लोबचा असतो. एका पॅनेलच्या जागी सोळा पॉइंट लाइटची जाळी लावली तरी फरशी जितकी गुळगुळीत कराल तितके ते सोळा ठिपके वेगळे दिसू लागतात. खरं उत्तर मिळवायचं तर पॅनेलच्या संपूर्ण क्षेत्रफळावर लोबची बेरीज, म्हणजे इंटिग्रल, घ्यावी लागते. आणि आपण सगळे वापरतो त्या जीजीएक्स लोबसाठी चौकोनावरच्या या इंटिग्रलचं सुटसुटीत सूत्र नाही.

एरिक हाइट्झ, जोनाथन द्युपुई, स्टीफन हिल आणि डेव्हिड न्यूबेल्ट यांनी २०१६ च्या सिग्राफमध्ये एलटीसी मांडलं, ते याच अडचणीवर. जीजीएक्ससाठी सूत्र नसलं तरी साध्या कोसाइन लोबसाठी आहे, आणि तेही लॅम्बर्टच्या काळापासून, म्हणजे १८ व्या शतकापासून. बहुभुजाच्या प्रत्येक कडेसाठी एक पद काढायचं आणि त्यांची बेरीज करायची, एवढंच ते सूत्र. आता कोसाइन लोबमधल्या प्रत्येक दिशेला एका ३×३ मॅट्रिक्सने गुणा आणि लांबी पुन्हा १ करा. मॅट्रिक्स जसा निवडाल तसा तो लोब अरुंद होतो, एका बाजूला कलतो किंवा लांबट ताणला जातो. योग्य मॅट्रिक्स निवडला की तो जीजीएक्सच्या बराच जवळ जातो.

कळीची गोष्ट यापुढे आहे. लोब आणि दिवा, दोघांनाही एकाच मॅट्रिक्सने हलवलं तर लोबचा जितका वाटा दिव्यात सापडत होता तितकाच सापडत राहतो. मग लोबला हात लावायची गरजच उरत नाही. उलटा मॅट्रिक्स पॅनेलच्या चार कोपऱ्यांना लावायचा आणि त्या वाकवलेल्या चौकोनावर लॅम्बर्टचं जुनं सूत्र चालवायचं. चकाकी सगळी त्या मॅट्रिक्समध्ये असते, इंटिग्रल मात्र कायम कोसाइनचंच. हे मनात पक्कं बसलं की कोड तपासण्याची पद्धतही आपोआप हाती येते: मॅट्रिक्सच्या जागी एकक मॅट्रिक्स ठेवला की तुमचा शेडर साध्या मॅट पृष्ठभागाचा हिशेब करू लागतो, आणि तो हिशेब कागदावर करता येतो.

तो एकदा करूनच पाहा. फरशीवरचा एक बिंदू घ्या आणि त्याच्या बरोबर डोक्यावर १ मीटर उंचीवर २×२ मीटरचं पॅनेल आडवं ठेवा. बिंदूपासून मोजलं तर कोपरे (±१, ±१, १) वर येतात आणि प्रत्येकाची लांबी √३ भरते. शेजारच्या दोन कोपऱ्यांच्या दिशांचा डॉट गुणाकार १/३, म्हणून त्यांच्यातला कोन १.२३१ रेडियन. त्यांचा क्रॉस गुणाकार एकक लांबीचा केला की त्याचा उभा घटक ०.७०७ येतो. कडा चार आहेत, म्हणून ४ × १.२३१ × ०.७०७, भागिले २π, उत्तर ०.५५४. बिंदूच्या डोक्यावरचं सगळं आकाश एकसारखं उजळलेलं असतं तर हाच आकडा १ आला असता.

आता कॅमेरा सरळ खाली बघतोय असं समजा. या कोनात लोब सगळ्या बाजूंनी सारखा असतो. फरशी जरा चकचकीत करू आणि उलट्या मॅट्रिक्सच्या कर्णावर ४, ४, १ ठेवू. कोपरे (±४, ±४, १) वर सरकतात, पॅनेल फुगून जवळजवळ सगळं आकाश व्यापतं आणि उत्तर ०.९५१ येतं. म्हणजे अरुंद झालेल्या लोबचा ९५ टक्के भाग पॅनेलमध्येच पडतोय. मग पॅनेल २ मीटर बाजूला सरकवा, x १ ते ३ होईल असं. मॅट फरशीला ०.०७० मिळतं, चकचकीत फरशीला फक्त ०.००९. मॅट फरशीवर उजेड ०.५५४ वरून ०.०७० वर आला, चकचकीत फरशीवर ०.९५१ वरून ०.००९ वर. प्रतिबिंबाला कड दिसते ती याच फरकामुळे.

हे चार आकडे मी अजूनही प्रत्येक नव्या शेडरमध्ये सर्वात आधी छापून बघतो. ते जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका. उत्तर ऋण आलं तर कोपऱ्यांचा क्रम उलटा आहे. आकडा π च्या पटीत चुकत असेल तर कुठेतरी π ने दोनदा गुणलंय किंवा भागलंय.

प्रत्यक्ष कोडचा गाभा एवढाच आहे:

```glsl
vec3 T1 = normalize(V - N * dot(V, N));
vec3 T2 = cross(N, T1);
Minv = Minv * transpose(mat3(T1, T2, N));
L[0] = Minv * (points[0] - P);
// L[1], L[2], L[3] तसेच; मग प्रत्येकाला normalize
```

पहिल्या ओळीकडे नीट पाहा, कारण बहुधा तुमचा काळा डाग तिथेच आहे. कॅमेऱ्याच्या थेट पायाखालच्या पिक्सेलमध्ये `V` आणि `N` एकाच दिशेत असतात. वजाबाकी शून्य होते आणि शून्याला `normalize` केलं की `NaN` निघतो. एरवी तो एखादाच पिक्सेल असतो, पण पुढे ब्लूम लावलेला असेल तर तोच पसरून मोठा काळा चौकोन होतो. ओळखायची खूण अशी की कॅमेरा हलवला की डागही पायाखालून सोबत सरकतो. उपाय सोपा आहे: वजाबाकीची लांबी अगदी लहान असेल तर `N` ला लंब असलेली कुठलीही दिशा `T1` म्हणून घ्या. सरळ खाली बघताना लोब गोल असतो, त्यामुळे कोणतीही दिशा चालते.

काळेपणाचं दुसरं मूळ क्षितिजात आहे. कोसाइन लोब फक्त वरच्या अर्धगोलात असतो, म्हणून चौकोनाचा z = ० च्या खाली गेलेला भाग कापावाच लागतो. नाही कापला तर तो भाग ऋण उजेड देतो आणि प्रतिबिंबात काळी पाचर घुसते. पॅनेल छतात आहेत, फरशीखाली जाणारच नाहीत, तेव्हा कापायची गरज काय, असं वाटणं साहजिक आहे. पण कापायचं ते मॅट्रिक्स लावून झाल्यावर. तिरप्या नजरेसाठीच्या मॅट्रिक्समध्ये कलवणारी पदं असतात, नवा z हा जुन्या x आणि z या दोन्हींपासून बनतो. त्यामुळे खऱ्या जगात फरशीच्या कितीतरी वर असलेला कोपराही वाकवल्यानंतर क्षितिजाखाली जाऊ शकतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे बघतानाच पाचर दिसते, खाली बघताना नाही, असं असेल तर कारण हेच.

चौकोन कापला की त्याला जास्तीत जास्त पाच कोपरे होतात, आणि कोणते कोपरे खाली गेले त्यानुसार कोडमध्ये बऱ्याच फांद्या फुटतात. हे टाळायला एक आडवाट आहे. कडांच्या पदांचा फक्त z घटक न घेता सगळा सदिश `F` बेरजेत धरायचा आणि दिव्याच्या जागी तेवढाच उजेड देणारा गोल आहे असं मानायचं. त्याची लांबी `l` असेल तर:

```glsl
float l = length(F);
return max((l * l + F.z) / (l + 1.0), 0.0);
```

थ्रीजेएस हेच वापरतं. दिसायला छान, फांदी एकही नाही. पण हे अंदाजाचं सूत्र आहे, ही जाणीव ठेवून वापरा. पॅनेल बरोबर डोक्यावर असेल तर उत्तर अचूक येतं, वरचं ०.५५४ जसंच्या तसं. २ मीटर सरकवलेल्या पॅनेलला मात्र ०.०७० ऐवजी ०.०७६ येईल, कारण तिथे `l` ०.१२८ आहे आणि `F.z` ०.०७०. तुमच्या तपासणीत हा आकडा दिसला तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. घराच्या वॉकथ्रूसाठी एवढा फरक मला चालतो. प्रकाशयोजनेचे आकडे ग्राहकाला द्यायचे असतील तर चालणार नाही, तिथे खरी कापणीच करा.

फरशीवर, विशेषतः पॅनेलपासून लांब, बारीक पट्टे दिसत असतील तर ते `acos` मुळे. लांबून पाहिलं की शेजारचे दोन कोपरे जवळजवळ एकाच दिशेत दिसतात, डॉट गुणाकार १ ला टेकतो आणि तिथे `acos` ची अचूकता ढासळते. हिल आणि हाइट्झ यांनी त्याच्या जागी एक गुणोत्तर बसवलं. ते कोन भागिले साइन थेट देतं आणि १/२π त्यातच धरलेला आहे:

```glsl
vec3 edge(vec3 a, vec3 b) {
  float x = dot(a, b), y = abs(x);
  float p = 0.8543985 + (0.4965155 + 0.0145206*y)*y;
  float q = 3.4175940 + (4.1616724 + y)*y;
  float v = p / q;
  float k = x > 0.0 ? v
    : 0.5*inversesqrt(max(1.0 - x*x, 1e-7)) - v;
  return cross(a, b) * k;
}
```

x = १ ठेवून बघा, `v` ०.१५९ येतो, म्हणजे बरोबर १/२π. हे फंक्शन घेतलंत तर शेवटी पुन्हा २π ने भागू नका.

आता प्रतिबिंब फार धारदार का दिसतं ते. मॅट्रिक्स दर पिक्सेलला काढत नाहीत. तो आधीच ६४×६४ च्या तक्त्यात भरून ठेवलेला असतो, एका बाजूला खडबडीतपणा, दुसऱ्या बाजूला बघण्याचा कोन. थ्रीजेएसमधल्या तक्त्याची पहिली बाजू जीजीएक्सच्या α ची नसून √α ची आहे. आपल्या मटेरियलमधला `roughness` हाच √α असतो आणि α म्हणजे त्याचा वर्ग. शेडरमध्ये इतरत्र सगळीकडे α लागतो म्हणून सवयीने तोच तक्त्यालाही दिला जातो. मग ०.३ खडबडीतपणाची टाइल तक्त्यात ०.०९ वर वाचली जाते आणि साधी पॉलिश टाइल आरशासारखी दिसू लागते. तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय याचाच येतो. तक्ता वाचण्याच्या ओळी अशा हव्यात:

```glsl
vec2 uv = vec2(roughness, sqrt(1.0 - NdotV));
uv = uv * (63.0 / 64.0) + 0.5 / 64.0;
```

दुसरी ओळ गाळू नका. तिच्याशिवाय कडेच्या टेक्सेलचं केंद्र चुकतं, आणि अतिशय तिरपी नजर नेमकी तक्त्याच्या कडेवरच पडते.

या तक्त्याच्या दोन आवृत्त्या फिरत आहेत आणि त्या एकमेकींत मिसळत नाहीत. जुन्या आवृत्तीत दुसरी बाजू कोनाचीच होती, θ भागिले π/२, आणि मॅट्रिक्स पहिल्या घटकाने भागून बाकीचे चार आकडे ठेवलेले होते. नव्या आवृत्तीत √(१ − cos θ) आहे आणि भागाकार मधल्या घटकाने केलेला आहे. चार आकडे दोन्हींत आहेत, पण मॅट्रिक्समधल्या त्यांच्या जागा वेगळ्या. नव्या मांडणीसाठी हे हवं, `t1` म्हणजे तक्त्यातून वाचलेले चार आकडे:

```glsl
mat3 Minv = mat3(
  vec3(t1.x, 0.0, t1.y),
  vec3(0.0,  1.0, 0.0),
  vec3(t1.z, 0.0, t1.w));
```

जागा चुकल्या तर प्रतिबिंबाचा पार चुराडा होतो, म्हणजे चूक निदान दिसते तरी. फक्त कोनाची बाजू चुकली तर ती दडून राहते. ६० अंशांवर एक तक्ता ०.६६७ वर वाचायचा आणि दुसरा ०.७०७ वर. फरक इतका लहान की प्रतिबिंब थोडंसंच बदलतं आणि पाहणाऱ्याला काही खटकत नाही. म्हणून तक्ता आणि कोड नेहमी एकाच ठिकाणाहून, एकाच वेळी घ्या.

मॅट्रिक्स फक्त लोबचा आकार सांगतो. त्याचं एकूण वजन नेहमी १ असतं, पण खरी टाइल तेवढा उजेड परत पाठवत नाही. ते प्रमाण दुसऱ्या तक्त्यातून वाचलेल्या `t2` मध्ये असतं आणि त्याने गुणायचं राहिलं की फरशी धातूची वाटते:

```glsl
spec *= F0 * t2.x + (1.0 - F0) * t2.y;
```

टाइल किंवा ग्रॅनाइटसाठी `F0` साधारण ०.०४ धरतात. आपल्याच उदाहरणात पॅनेलचा तेजस्वीपणा १ मानू आणि सरळ खाली बघताना हे गुणक अंदाजे ०.०४ आहे असं धरू. प्रतिबिंबाचा वाटा ०.९५१ × ०.०४, म्हणजे ०.०३८. क्रीम रंगाच्या टाइलची परतफेड ०.६ धरली तर तिचा मॅट भाग ०.६ × ०.५५४, म्हणजे ०.३३२. प्रतिबिंब त्याच्या जवळपास नवव्या हिश्शाएवढंच. काळ्या ग्रॅनाइटची परतफेड ०.०५ धरली तर मॅट भाग ०.०२८ वर येतो आणि प्रतिबिंब त्याच्यावर मात करतं. म्हणून फिकट टाइलवर पायाखालचं प्रतिबिंब पुसट आलं तर तीव्रता वाढवत सुटू नका, ते तसंच असायला हवं. नजर तिरपी होत जाईल तसं `t2.y` वाढतं, फ्रेनेलमुळे प्रतिबिंब उजळतं आणि लोब बघणाऱ्याच्या दिशेने लांब ताणला जातो. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे उभे ओघळ दिसतात तो परिणाम हाच. परावर्तित किरणाला सर्वात जवळचा दिव्यावरचा एकच बिंदू पकडणाऱ्या जुन्या पद्धतीत हा ताण नीट उतरत नाही. फरशीसाठी मी एलटीसीच सांगतो ते मुख्यतः यासाठी.

खर्चाची फार चिंता नको. दोन्ही तक्ते फक्त खडबडीतपणा आणि नजरेवर अवलंबून असतात, दिव्यावर नाही. पिक्सेलमागे ते एकदाच वाचा आणि सगळ्या पॅनेलना तोच मॅट्रिक्स लावा. वाढतो तो कोपऱ्यांचा हिशेब, दर पॅनेलला दोनदा: एकदा एकक मॅट्रिक्सने मॅट भागासाठी, एकदा `Minv` ने चकाकीसाठी.

एलटीसीच्या आवाक्याबाहेरचं मात्र आधीच ओळखून ठेवा. या हिशेबात सावली नाही. पॅनेल आणि फरशीच्या मधे जेवणाचं टेबल असलं तरी प्रतिबिंब टेबलाच्या आरपार फरशीवर उतरतं. हाइट्झ, हिल आणि मॉर्गन मॅग्वायर यांनी २०१८ मध्ये यावर मार्ग दिला. रे ट्रेसिंगने सावलीसह आणि सावलीविना असे दोन गोंगाटी अंदाज काढायचे, दोन्ही स्वच्छ करायचे आणि त्यांच्या गुणोत्तराने एलटीसीच्या उत्तराला गुणायचं. वेबजीएलमध्ये हे जड जाईल. तिथे टेबलाखालचा भाग आधी बेक करून ठेवलेल्या ऑक्लूजनने दाबणं हाच व्यवहार्य तोडगा आहे.

शिवाय एलटीसी फक्त दिवे दाखवतं, सोफा किंवा भिंत नाही. त्यासाठी एन्व्हायर्नमेंट मॅप किंवा स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन लागतंच, आणि तिथे एक घोळ हटकून होतो. पॅनेल डोळ्यांना दिसावं म्हणून त्या जागी उजळ मटेरियलचा चौकोनही ठेवलेला असतो. तो मॅपमध्येही टिपला जातो आणि फरशीवर एकाच पॅनेलचं प्रतिबिंब दोनदा मोजलं जातं. एलटीसीच्या दिव्याची तीव्रता शून्य करा. प्रतिबिंब तरीही उरलं तर तो चौकोन मॅप टिपताना वगळायचा राहिलाय.

सगळं जुळल्यावर थ्रीजेएसच्या `RectAreaLight` शी शेजारी ठेवून ताडून पाहा. तो एलटीसीच वापरतो, मात्र `WebGLRenderer` सोबत आधी `RectAreaLightUniformsLib.init()` हाक मारावी लागते, आणि तो `MeshStandardMaterial` व `MeshPhysicalMaterial` वरच उमटतो. त्याची `intensity` निट्समध्ये असते. खोक्यावर ल्यूमेन लिहिलेले असतील तर त्यांना रुंदी × उंची × π ने भागा: ०.६ × ०.६ मीटरचं ३६०० ल्यूमेनचं पॅनेल सुमारे ३१८३ निट्सचं होतं. दोन्हीकडे तीच तीव्रता, तोच `roughness` आणि तोच कॅमेरा ठेवा, दोन्ही चित्रांची वजाबाकी दहापट वाढवून पडद्यावर दाखवा. खरी कापणी केली असेल तर पॅनेलपासून दूर थोडा फरक उरेल, वर सांगितलेल्या ०.०७० आणि ०.०७६ सारखा. पण प्रतिबिंबाच्या कडेला उजळ रेघ उरली तर पुन्हा तक्ता वाचण्याच्या त्या दोन ओळींकडे या.